ओठांचा काळेपणा : कारणे आणि शक्य ते उपाय

(हातकणंगले येथे शिक्षक, ग्रामसेवक आणि पंचायत सदस्य यांच्यासमोर एका त्वचारोगतज्ज्ञाने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ओठांच्या रंगासारख्या विषयावर बोलण्यासाठी आपण मला बोलावले, याचे काहींना नवल वाटेल. परंतु या विषयाकडे मी वळलो तो एका शाळकरी मुलामुळे. ती हकीकत प्रथम सांगतो, म्हणजे आजच्या बोलण्याचा रोख आपल्या ध्यानी येईल.

याच तालुक्यातील नववीत शिकणाऱ्या एका मुलाला त्याचे वडील माझ्याकडे घेऊन आले. मुलाच्या खालच्या ओठावर, उजव्या बाजूस, वाटाण्यापेक्षा किंचित मोठा असा एक गोल, काळा-जांभळा डाग होता. वडील म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पोरगं चोरून बिडी ओढतंय असं शाळंतनं कळवलंय. मी दोनदा मारलं, तरी कबूल करंना." मुलगा खाली मान घालून उभा होता. शिक्षकांचा हेतू चांगलाच होता. मुलगा व्यसनात जाऊ नये म्हणूनच त्यांनी घरी कळविले होते. पण निदान चुकले होते.

बिडीने येणारा काळेपणा असा एका जागी, कंपासाने वर्तुळ काढल्यासारखा कधी येत नाही. म्हणून मी मुलाला एकच प्रश्न विचारला, "हा डाग पहिल्यांदा केव्हा आला?" तो म्हणाला, "श्रावणात. पोट बिघडलं हुतं तवा." त्या वेळी दुकानातून जुलाबाच्या गोळ्या आणल्या होत्या. त्याच रात्री ओठाची आग झाली, ओठ सुजला, लहानसा फोड आला आणि आठ-दहा दिवसांनी तेथे काळा डाग राहिला. दिवाळीत पुन्हा पोट बिघडले, पुन्हा त्याच गोळ्या घेतल्या आणि पुन्हा त्याच जागी फोड आला. तिसऱ्या वेळी तर गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांतच ओठ चुरचुरू लागला. प्रत्येक वेळी डाग थोडा अधिक गडद झाला.

हा औषधाच्या वावड्याचा एक प्रकार आहे. वैद्यकशास्त्रात त्यास 'फिक्स्ड ड्रग इरप्शन' म्हणतात, म्हणजे औषध घेतल्यावर दरवेळी ठरलेल्या त्याच जागी उठणारी विकृती. ओठ ही तिची आवडती जागा. जुलाबावरील काही औषधे, सल्फावर्गीय औषधे, टेट्रासायक्लिन आणि अंगदुखी-तापावरील काही वेदनाशामके यांमुळे ती विशेषेकरून आढळते. वडिलांना घरी पाठवून मी गोळ्यांचे पाकीट मागविले. एकाच गोळीत नॉरफ्लॉक्सॅसिन आणि टिनिडॅझॉल अशी दोन औषधे होती. दोहोंपैकी दोषी कोणते, हे नुसत्या हकीकतीवरून ठरत नाही आणि ते पाहण्यासाठी घरच्या घरी पुन्हा गोळी देऊन बघणे हा तर धोक्याचा खेळ आहे. म्हणून दोन्ही औषधांची नावे एका कार्डावर लिहून दिली आणि सांगितले, "हे कार्ड जपून ठेवा. कोणत्याही डॉक्टरकडे गेलात तरी आधी हे दाखवा."

डागावर मी कोणतेही जालीम औषध दिले नाही. उन्हात जाताना ओठावर संरक्षक मलम आणि रात्री साधे पेट्रोलियम जेली, एवढेच. गोळी बंद झाली, फोड पुन्हा आला नाही आणि डाग हळूहळू विरळ होत गेला. वर्षभराने तो जवळून पाहिल्यासच दिसे. शाळेतील शिक्षकांना सारे कळले, तेव्हा त्यांनी स्वतः मुलाच्या घरी जाऊन समजूत घातली, हे मला आवर्जून सांगितले पाहिजे.

या हकीकतीतून मला आपणासमोर एकच गोष्ट मांडावयाची आहे. काळा ओठ हा व्यसनाचा दाखला नव्हे. तो एक लक्षण आहे आणि त्याची कारणे अनेक आहेत. डाग कोठे आहे, किती पसरला आहे आणि केव्हापासून आहे, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवरून कारण बहुधा हाती लागते. आणि ज्याचे जे कारण, त्याचा तोच उपाय.

आता ओठाची घडण थोडी समजून घेऊ. ओठाच्या लालसर भागावरील त्वचा अतिशय पातळ असते. तिच्याखालचे रक्त आरपार दिसते म्हणून ओठ लाल दिसतो. या भागावर घामाच्या ग्रंथी नाहीत आणि तेलग्रंथीही जवळजवळ नाहीत, त्यामुळे ओठाला स्वतःचे वंगण नसते आणि तो लवकर सुकतो. त्वचेला सावळेपणा देणारे मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य ओठातही असते. आपल्यासारख्या सावळ्या माणसांत ते जन्मतःच अधिक असते. म्हणून आपल्याकडील पुष्कळ निरोगी माणसांचे ओठ आणि हिरड्या तपकिरी असतात. हा रोग नव्हे, आईबापांकडून आलेला वर्ण आहे आणि तो बदलण्याचे कोणतेही मलम नाही. वधूपरीक्षेच्या वेळी मुलीच्या ओठांवरून कुजबुज होते आणि मग ती मुलगी लिंबू, साखर, दंतमंजन असले काहीबाही ओठांवर घासू लागते. अशा मुली माझ्याकडे येतात तेव्हा मूळचा रंग जसाच्या तसा असतो, वर घासल्याने झालेली जखम आणि त्या जखमेचा नवा काळेपणा यांची भर पडलेली असते.

कारण पुढील बाब महत्त्वाची आहे. आपल्या त्वचेस कोठेही वारंवार इजा झाली, घर्षण झाले, आग झाली, की ती बरी होताना तेथे जास्त रंगद्रव्य साठते. खरचटलेला गुडघा काळा पडतो तोच हा प्रकार. ओठांच्या बाबतीत ही इजा बहुधा आपण स्वतःच करीत असतो. थंडीत ओठ सुकतात, म्हणून मूल ते जिभेने ओले करते. थुंकी वाळताना ओठातील ओलावाही उडून जातो, ओठ अधिक सुकतात आणि मूल पुन्हा चाटते. अशाने जीभ पोहोचेल तेथपर्यंत, ओठांभोवती, एक काळसर कडे तयार होते. मार्गशीर्ष-पौषात वर्गावर नजर टाकली तर असे एखादे मूल शिक्षकांस सहज दिसेल. त्याला रागावण्याऐवजी ओठांना दिवसातून चार-पाच वेळा साजूक तूप किंवा पेट्रोलियम जेली लावावयास सांगावे. ओठ मऊ राहिला की चाटण्याची ओढ आपोआप कमी होते.

आता तंबाखूकडे वळू. धूम्रपानाने तोंडाच्या आतील भागात रंगद्रव्य वाढते, याचा पद्धतशीर अभ्यास स्वीडनमधील हेडिन या दंतवैद्याने १९७७ साली प्रसिद्ध केला आणि त्यास धूम्रपान करणाऱ्यांचा काळेपणा असे नाव रूढ झाले. तंबाखूच्या धुरातील द्रव्यांमुळे रंगपेशी चेतवल्या जातात आणि जास्त मेलॅनिन बनवू लागतात. हा काळेपणा पुढच्या दातांच्या हिरड्यांवर प्रथम आणि ठळक दिसतो, मग ओठांच्या आतील बाजूस. बिडीच्या बाबतीत आणखी एक भर पडते. बिडी ओढत राहिली नाही तर विझते, म्हणून ती घाईघाईने ओढली जाते आणि पैसे वसूल करण्यासाठी पार थोटकापर्यंत ओढली जाते. त्या वेळी तिची धग थेट ओठांस लागते आणि धुराच्या काळेपणात भाजल्याचा काळेपणा मिसळतो. आपल्या भागातील पुष्कळ स्त्रिया बिडी ओढत नाहीत, पण मशेरी लावतात. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून केलेली ही पूड बोटाने दात-हिरड्यांवर चोळली जाते आणि ओठाच्या आत बराच वेळ राहते. मशेरी हे दंतमंजन नसून तंबाखूच आहे, हे येथे उपस्थित भगिनींनी घरोघरी सांगावे.

यंत्रमागावर काम करणाऱ्या इचलकरंजीच्या एका कामगाराचे उदाहरण देतो. वय अडतीस, पंधरा वर्षे रोज एक कट्टा बिडी. दोन्ही ओठ सारखेच काळवंडलेले, पुढच्या हिरड्यांवर काळे पट्टे. मात्र ओठ हातास मऊ, ओठ आणि त्वचा यांमधील रेघ स्पष्ट, कोठेही चीर, गाठ किंवा पांढरा चट्टा नाही. ही शेवटची चिन्हे मी मुद्दाम पाहिली, ती का हे पुढे सांगतो. त्याला एखादे मलम हवे होते. मी म्हणालो, "बिडी चालू ठेवून मलम लावणे म्हणजे गळक्या छपराखाली जमीन पुसत बसणे आहे." त्याने बिडी सोडावयाचे ठरविले. तंबाखूमुक्तीसाठी केंद्र सरकारची १८००-११२-३५६ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा आहे, तिचा क्रमांक त्यास दिला. बिडीऐवजी मळलेली तंबाखू किंवा मावा धरणार नाही, असे वचनही घेतले. अनेकांचे येथेच घसरते, आणि तोंडाच्या कर्करोगाच्या दृष्टीने ती अदलाबदल मुळीच फायद्याची नाही.

मग आम्ही एक साधी युक्ती केली. त्याच्या मुलीने दर महिन्याच्या पहिल्या तारखेस, घराच्या त्याच खिडकीशी, सकाळी त्याच वेळेस, मोबाईलवर त्याच्या ओठांचे छायाचित्र घ्यावयाचे. रोज आरशात पाहणाऱ्यास सावकाश होणारा बदल कळत नाही आणि कंटाळून माणूस पुन्हा बिडीकडे वळतो. पहिल्या महिन्यात छायाचित्रांत काहीच फरक नव्हता. तिसऱ्या महिन्यापर्यंत ओठांचा कोरडेपणा आणि भाजल्याचे डाग गेले. चौथ्या महिन्यात रात्रपाळीच्या सोबत्यांनी आग्रह केला आणि तीन आठवडे बिडी पुन्हा सुरू झाली. हे त्याने स्वतः येऊन सांगितले, म्हणून मी त्याचे कौतुकच केले. पुन्हा सोडली. आठव्या महिन्याच्या सुमारास हिरड्यांवरील पट्टे फिके दिसू लागले. दीड वर्षानंतर पहिले आणि शेवटचे छायाचित्र शेजारी ठेवले, तेव्हा फरक कोणासही दिसण्याजोगा होता. ओठ गुलाबी मात्र झाले नाहीत. ते मूळचे तपकिरी होते, तसे झाले. प्रामाणिक उपायाची मर्यादा ती हीच. काहींना असा फरक पडण्यास एक वर्ष लागते, काहींना तीन.

तिसरे मोठे कारण ऊन. खालचा ओठ आभाळाकडे तोंड करून असतो, म्हणून वरच्यापेक्षा त्यावर ऊन अधिक पडते. शेतकरी, ऊसतोड मजूर, रस्त्याच्या कामावरील माणसे यांचा खालचा ओठ आधी काळवंडतो, तो यामुळे. उपाय साधे आहेत. शक्यतो सकाळी दहा ते दुपारी चार या वेळेतील भर उन्हात रुंद काठाची टोपी घालावी, अगर डोक्यावरचा पदर वा टॉवेल कपाळापुढे छपरासारखा येऊ द्यावा. औषधाच्या दुकानात ओठांसाठी उन्हापासून संरक्षण देणारे मलम मिळते. त्यावर एस.पी.एफ. ३० किंवा त्याहून अधिक असा आकडा असावा. ते दर दोन तासांनी आणि जेवणानंतर, चहापाण्यानंतर पुन्हा लावावे लागते, कारण ओठावर ते टिकत नाही. सकाळी एकदा लावून दिवसभर निर्धास्त राहणे म्हणजे न लावण्यासारखेच. साधे पेट्रोलियम जेली किंवा तूप ओठ मऊ ठेवते, पण ऊन अडवीत नाही, हा भेद लक्षात ठेवावा.

उन्हाचे आणि तंबाखूचे खरे भय काळेपणाचे नाही. आता मघाच्या चिन्हांकडे येतो. खालच्या ओठावर सतत कोंड्यासारखी सालपटे निघू लागली, ओठ आणि त्वचा यांमधील रेघ पुसट झाली, रंग एकसारखा न राहता कोठे पांढुरका तर कोठे गडद असे ठिपके उमटले, हाताला टणक लागू लागले, किंवा एखादी चीर वा जखम दोन आठवड्यांत भरून आली नाही, तर ती कर्करोगाची पूर्वसूचना असू शकते. अशा वेळी मलमे लावीत थांबू नये. ग्रामीण रुग्णालयात दाखवावे आणि तेथून आवश्यक तर कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात जावे. तेथे ओठाचा लहानसा तुकडा काढून तपासता येतो. ही तपासणी लवकर झाली तर उपचार सोपा असतो. तसेच एखादा काळा डाग अचानक वाढू लागला, त्याच्या कडा वेड्यावाकड्या झाल्या किंवा त्यातून रक्त येऊ लागले, तरी हेच करावे.

काही वेळा कारण ओठात नसतेच. दोन्ही ओठ एकाएकी निळे पडले आणि धाप लागली, तर तो हृदयाचा किंवा फुप्फुसाचा प्रश्न असतो आणि तेथे क्षणाचाही विलंब नको. ओठांबरोबर बोटांची पेरे, तळहातांच्या रेषा काळ्या पडल्या, थकवा आला आणि हातापायांना मुंग्या येऊ लागल्या, तर शरीरात ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव असू शकते. केवळ शाकाहार करणाऱ्यांत ही उणीव विशेष दिसते. रक्ततपासणीने ती कळते आणि इंजेक्शने किंवा गोळ्या घेतल्यावर काही महिन्यांत रंगही निवळतो.

लिपस्टिक, ओठांचे सुगंधी मलम आणि तिखट चवीची टूथपेस्ट यांचे वावडे हेही एक कारण आहे. ते ओळखण्याची रीत अशी. ओठांवर लावावयाच्या साऱ्या वस्तू सहा आठवडे पूर्ण बंद ठेवाव्यात, टूथपेस्ट बदलून सौम्य, कमी स्वादाची घ्यावी आणि केवळ साधे पेट्रोलियम जेली वापरावे. खाज, आग व सालपटे थांबली तर दोषी त्यांतच आहे असे समजावे. मग एकेक वस्तू दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने पुन्हा सुरू करावी, म्हणजे नेमकी कोणती ते कळते. खाज थांबली तरी काळेपणा जाण्यास आणखी कित्येक महिने लागतात, म्हणून उपाय चुकला असे समजू नये.

शेवटी गोऱ्या रंगाची हमी देणाऱ्या मलमांविषयी. त्यांतील काहींत स्टेरॉइड असते. त्याने आरंभी रंग उजळल्यासारखा वाटतो, पण पुढे त्वचा पातळ होते, तोंडाभोवती पुरळ येते आणि मलम सोडताच काळेपणा दुपटीने परततो. ज्यांच्या वेष्टनावर घटकांची नावेच नाहीत, अशा मलमांत पारा निघाल्याची उदाहरणे आहेत. आपल्याच राज्यात अकोला येथील एका कुटुंबातील तिघींच्या मूत्रपिंडांना अशा मलमामुळे इजा झाल्याचे २०२३ साली उघडकीस आले. ओठांवर लावलेले मलम तर थेट पोटात जाते, हे विसरू नये. रंग फिका करणारी औषधे आहेत, लेसर उपचारही आहे. परंतु ते त्वचारोगतज्ज्ञाच्या देखरेखीखाली, कारण दूर झाल्यानंतरच करावयाचे. बिडी, ऊन किंवा चाटण्याची सवय कायम असेल तर लेसरने घालवलेला रंगही परत येतो, आणि आपल्यासारख्या सावळ्या त्वचेवर लेसरचा जोर थोडा जास्त झाला तर उलट नवा डाग पडतो.

गुरुजनहो, वर्गात एखाद्या मुलाचा ओठ काळा दिसला तर त्यास बाजूला घेऊन, चारचौघांत नव्हे, आधी विचारा, "हे केव्हापासून आहे?" डाग एकाच जागी असेल तर गोळ्यांविषयी विचारा. ओठांभोवती कडे असेल तर चाटण्याविषयी विचारा. आणि तंबाखूची शंका आलीच तर ओठ नव्हे, पुढच्या हिरड्या पाहा, पण त्यांवरूनही निवाडा करू नका, कारण हिरड्यांचा सावळेपणाही जन्मजात असू शकतो. पंचायत सदस्यांनी आपल्या गावातील ज्यांच्या ओठावरची जखम पंधरा दिवसांत भरली नाही, त्यांस रुग्णालयाचा रस्ता दाखवावा. नववीतल्या त्या मुलाचा मार एका प्रश्नाने वाचला असता. तो प्रश्न आता आपणापाशी आहे.